आधी छेद लिहा : डेटा सायन्सच्या प्रवेश परीक्षेसाठी संभाव्यतेची उजळणी

रसायनशास्त्राची पदवी घेऊन आठ वर्षे झाल्यावर मी डेटा सायन्सच्या प्रवेश परीक्षेला बसायचे ठरवले, तेव्हा संभाव्यता हा विषय मला येतो असा माझा समज होता. दहावीच्या पाठ्यपुस्तकातले फासे, नाणी आणि पत्ते आठवत होते आणि सूत्रेही पाठ होती. दादरच्या एका अभ्यासिकेत बसून पहिली सराव प्रश्नपत्रिका सोडवली, तेव्हा संभाव्यतेच्या सात प्रश्नांपैकी पाच चुकले, आणि त्या पाचांपैकी एकही सूत्र विसरल्यामुळे चुकला नव्हता. प्रत्येक ठिकाणी मी अपूर्णांकाच्या अंशाकडे धावले होते आणि छेद काय आहे याचा विचारच केला नव्हता. पुढचे तीन महिने मी जी उजळणी केली, ती या एकाच चुकीभोवती फिरत राहिली, आणि या लेखातला क्रमही तोच आहे.

उदाहरण म्हणून मी गेट परीक्षेचा डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा पेपर डोळ्यांसमोर ठेवला आहे. तो २०२४ पासून घेतला जातो. इतर संस्थांच्या प्रवेश परीक्षांचे स्वरूप वेगळे असले तरी मोजणी, सशर्त संभाव्यता आणि स्वतंत्र घटना हा गाभा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

१. बसण्याआधी जवळ काय असावे

परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्या आणि त्यातले संभाव्यतेचे मुद्दे अधोरेखित करा. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरतालिकेसह घ्या. एक कोरी, बिनरेघी वही ठेवा, कारण या विषयात झाडासारख्या आकृत्या आणि तक्ते सतत काढावे लागतात. गेटमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा आभासी कॅल्क्युलेटर वापरावा लागतो. त्याची सवय घरीच करा, कारण माउसने आकडे दाबताना हात अडखळतो. संगणकावर पायथन असेल तर उत्तम. त्याचा उपयोग पुढे येईल.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सूचना. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, त्यामुळे नमुना अवकाश, निष्पत्ती, घटना या शब्दांसमोर त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विशेषतः 'ॲट लीस्ट', 'एक्झॅक्टली', 'गिव्हन दॅट' आणि 'विदाउट रिप्लेसमेंट' हे चार शब्दप्रयोग दिसताच पेनाने गोल करण्याची सवय लावा. बहुतेक सापळे या चारांच्या आसपासच लावलेले असतात.

२. पहिली पायरी : निष्पत्ती समसंभाव्य आहेत का, ते तपासा

'अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती' हे सूत्र शाळेत शिकवतात. त्यासोबतची अटही शिकवतात, पण ती कोणाच्या लक्षात राहत नाही. ती अट अशी की प्रत्येक निष्पत्ती घडण्याची शक्यता सारखी असली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ आणि तेच पुढेही वापरू. डब्यात चार मोदक आहेत. दोनांत ओल्या नारळाचे सारण आहे, दोनांत खव्याचे, आणि बाहेरून चारही सारखेच दिसतात. त्यांतले दोन मोदक न बघता उचलले, तर दोन्ही नारळाचे असण्याची संभाव्यता किती?

घाईत डोक्यात येणारे उत्तर असे : दोन्ही नारळाचे, दोन्ही खव्याचे, किंवा एकेक, अशा तीनच शक्यता आहेत, म्हणून उत्तर एकतृतीयांश. हे उत्तर चूक आहे. तीन शक्यता आहेत हे खरे असले तरी त्या समसंभाव्य नाहीत. मोदकांना ना१, ना२, ख१, ख२ अशी नावे द्या आणि जोड्या लिहा. एकूण सहा जोड्या होतात. त्यांत ना१-ना२ ही एक जोडी दोन्ही नारळाची, ख१-ख२ ही एक जोडी दोन्ही खव्याची, आणि उरलेल्या चार जोड्यांत एकेक प्रकार येतो. म्हणजे तीन शक्यतांची वजने १, १ आणि ४ अशी आहेत आणि योग्य उत्तर १/६ आहे.

मोदक दिसायला सारखे असले तरी ते चार वेगळे मोदक आहेत, आणि हाताला कोणता लागेल हे सारणावर नव्हे तर त्या वस्तूवर ठरते. म्हणून संभाव्यतेचा प्रश्न असेल तेव्हा सारख्या दिसणाऱ्या वस्तूंनाही मनातल्या मनात क्रमांक द्यावेत.

मग क्रमांक न देता मोजणे नेहमीच चूक असते का? नाही, आणि हा बारकावा समजला तर पुष्कळ वेळ वाचतो. स्थानकाच्या पाटीवरची DADAR ही पाच अक्षरे यदृच्छया मांडली, तर दोन्ही D शेजारी येण्याची संभाव्यता काढायची आहे असे समजा. D दोनदा आणि A दोनदा येतो, म्हणून वेगळ्या दिसणाऱ्या मांडण्या १२० भागिले ४, म्हणजे ३० होतात. दोन D एकत्र बांधून एक ठोकळा केला, तर तो ठोकळा, दोन A आणि एक R अशा चार गोष्टींच्या मांडण्या २४ भागिले २, म्हणजे १२. उत्तर १२/३०, म्हणजे २/५. इथे आपण सारख्या अक्षरांना क्रमांक दिले नाहीत, तरी उत्तर बरोबर आले. कारण प्रत्येक दिसणाऱ्या मांडणीमागे क्रमांक दिलेल्या नेमक्या चार मांडण्या दडलेल्या आहेत, कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. मोदकांच्या बाबतीत एका गटामागे एक जोडी होती आणि दुसऱ्यामागे चार. गट सारख्या आकाराचे असतील तरच क्रमांक गाळून मोजणे सुरक्षित असते. शंका असेल तर क्रमांक द्या, थोडे जास्त लिहावे लागेल एवढेच.

याच पायरीवर आणखी एक चूक होते. क्रम धरून मोजायचे की क्रम सोडून, हे अंशासाठी वेगळे आणि छेदासाठी वेगळे ठरवले जाते. 'पहिला ना१ आणि दुसरा ना२, किंवा पहिला ना२ आणि दुसरा ना१' असे म्हणून अंशात २ लिहायचे आणि छेदात क्रम नसलेल्या ६ जोड्या लिहायच्या, की पुन्हा तेच चुकीचे एकतृतीयांश तयार होते. क्रम धरला तर छेद १२ हवा आणि उत्तर २/१२, तर क्रम सोडला तर १/६. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, पण अर्ध्या रस्त्यात वाट बदलता येत नाही. म्हणूनच मी छेद आधी लिहू लागले. छेद कागदावर आला की अंश कोणत्या पद्धतीने मोजायचा ते आपोआप ठरते.

३. दुसरी पायरी : अट आली की छेद बदला

सशर्त संभाव्यतेचे सूत्र P(A|B) = P(A∩B)/P(B) असे आहे. ते पाठ असूनही प्रश्न चुकतो, कारण B नेमकी कोणती घटना आहे हे वाचताना निसटते. सूत्राचा अर्थ साध्या शब्दांत सांगायचा तर, अट कळल्यावर तिच्याशी न जुळणाऱ्या सगळ्या निष्पत्ती खोडून टाकायच्या आणि उरलेल्यांनाच नवा नमुना अवकाश मानायचे.

त्याच डब्यातून दोन मोदक ताटात आले आहेत. आता दोन प्रश्न पाहा.

पहिला प्रश्न : तुम्ही पहिला मोदक फोडला आणि तो नारळाचा निघाला. दोन्ही नारळाचे असण्याची संभाव्यता किती? पहिला नारळाचा गेल्यावर उरलेल्या तीन मोदकांत नारळाचा एकच आहे, म्हणून उत्तर १/३.

दुसरा प्रश्न : स्वयंपाकघरातून मावशींनी दोन्ही मोदक पाहिले आणि तुम्ही विचारल्यावर 'निदान एक तरी नारळाचा आहे' एवढेच खरे सांगितले. दोन्ही नारळाचे असण्याची संभाव्यता किती? सहा जोड्यांपैकी फक्त ख१-ख२ ही जोडी खोडली जाते. पाच उरतात आणि त्यांत अनुकूल एकच आहे, म्हणून उत्तर १/५.

माहिती वरवर सारखीच वाटते, तरी उत्तरे वेगळी आहेत. एखादा ठरावीक मोदक नारळाचा आहे ही माहिती 'दोनांपैकी कुठला तरी एक नारळाचा आहे' या माहितीपेक्षा जास्त नेमकी असते, आणि ती जास्त निष्पत्ती खोडते. क्रम धरून बारा निष्पत्ती लिहिल्या तर हे स्पष्ट दिसते. 'पहिला नारळाचा' या अटीखाली सहा उरतात, 'निदान एक नारळाचा' या अटीखाली दहा. अंश दोन्हीकडे २ हाच आहे. फरक फक्त छेदात आहे.

अभ्यासिकेतल्या एका मुलाने मला इथे अडवले होते. "ताई, मावशींनी दोनांतला एक मोदक यदृच्छया उचलून फोडून दाखवला आणि तो नारळाचा निघाला, तर उत्तर काय?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर १/३ आहे, कारण यदृच्छया निवडलेला मोदक हा 'पहिला' मोदकच झाला. मावशींनी मुद्दाम नारळाचा शोधून दाखवला असता, तर मात्र ती 'निदान एक' हीच माहिती ठरली असती. म्हणून प्रश्न वाचताना अटीतली माहिती कोणत्या मार्गाने आली हे पाहावे. चांगल्या प्रश्नपत्रिकेत ते एका शब्दात सांगितलेले असते आणि घाईत तोच शब्द सुटतो.

याच ठिकाणी एक उलटा सापळाही आहे. पहिला मोदक कोणता निघाला हे माहीत नसताना, दुसरा नारळाचा असण्याची संभाव्यता किती? अनेकजण 'ते पहिल्यावर अवलंबून आहे' असे म्हणून थांबतात किंवा १/३ लिहितात. पहिला नारळाचा असेल तर १/३ आणि खव्याचा असेल तर २/३, आणि दोन्ही गोष्टींची शक्यता अर्धी-अर्धी, म्हणून एकूण १/६ अधिक २/६, म्हणजे १/२. पहिल्या मोदकाइतकीच. काही कळलेले नसेल तर दुसरा मोदक हा चारांतला कोणताही एक मोदक आहे. 'पाचवा पत्ता राजा असण्याची संभाव्यता' अशा लांबलचक दिसणाऱ्या प्रश्नांचे उत्तर ४/५२ इतके छोटे असते, ते याच कारणाने.

उत्तरावर विश्वास बसत नसेल तर संगणकावर सर्व निष्पत्ती लिहून काढा. मी सरावात प्रत्येक शंकास्पद प्रश्नासाठी असे पाच-सहा ओळींचे तुकडे लिहीत असे :

```python
from itertools import permutations
s = list(permutations(["n1", "n2", "k1", "k2"], 2))
both = [p for p in s if p[0][0] == "n" and p[1][0] == "n"]
first = [p for p in s if p[0][0] == "n"]
atleast = [p for p in s if p[0][0] == "n" or p[1][0] == "n"]
print(len(s), len(both), len(first), len(atleast))
```

यातून 12 2 6 10 असे आकडे छापले जातात, आणि २/१२, २/६, २/१० ही तिन्ही उत्तरे हाती येतात. परीक्षेत हे करता येणार नाही, पण घरी आपली चूक नेमकी कुठे झाली ते यातून लगेच कळते.

४. तिसरी पायरी : 'किमान' हा शब्द आला की थांबा

मोजणीतला सर्वात महागडा सापळा मला एका सराव परीक्षेत भेटला. प्रश्न साधारण असा होता : गणेशोत्सव मंडळात ९ कार्यकर्ते आहेत, ५ महिला आणि ४ पुरुष. ४ जणांची समिती निवडायची आहे आणि तीत किमान २ महिला हव्यात. अशा किती समित्या होतील?

मी असा विचार केला : आधी ५ महिलांतून २ निवडू, म्हणजे अट पूर्ण झाली. त्याचे प्रकार १०. उरलेल्या ७ जणांतून कोणीही २ घेऊ, त्याचे प्रकार २१. गुणाकार २१०. पर्यायांत २१० होतेच, त्यामुळे मी ते निवडून निश्चिंतपणे पुढे गेले. पर्याय तयार करणाऱ्याला ही चूक चांगली ठाऊक असते.

मी छेद आधी लिहिला असता तर चूक तिथेच सापडली असती. ९ जणांतून ४ जणांच्या एकूण समित्याच १२६ होतात. अट घातल्यावर त्या २१० कशा होतील?

चुकीचे कारण मुळापर्यंत समजून घेणे उपयोगी आहे. समितीत सुनंदा, मेघा आणि वैशाली या तीन महिला आणि एक पुरुष आहे असे समजा. माझ्या पद्धतीत ही समिती एकदा 'सुनंदा-मेघा आधी निवडल्या आणि वैशाली नंतर आली' म्हणून मोजली गेली, एकदा 'सुनंदा-वैशाली आधी' म्हणून आणि एकदा 'मेघा-वैशाली आधी' म्हणून. एकच समिती तीनदा मोजली. चारही महिला असलेली समिती अशाच रीतीने सहा वेळा मोजली गेली.

बरोबर पद्धत अशी की नेमक्या किती महिला, यावर प्रकरणे पाडायची. नेमक्या २ महिला आणि २ पुरुष : १० गुणिले ६, म्हणजे ६०. नेमक्या ३ महिला आणि १ पुरुष : १० गुणिले ४, म्हणजे ४०. चारही महिला : ५. बेरीज १०५. उलट बाजूने तपासू. एकही महिला नाही अशी समिती १, नेमकी एक महिला असलेल्या समित्या ५ गुणिले ४, म्हणजे २०. १२६ वजा २१ बरोबर १०५. जुळले. आणि जुने चुकीचे उत्तरही आता उलगडते : ६० एकपट, ४० तिप्पट आणि ५ सहापट, म्हणजे ६० अधिक १२० अधिक ३० बरोबर २१०.

यातून मी स्वतःसाठी एक नियम केला. आपल्या पद्धतीने तयार झालेली एखादी समिती हातात घ्यायची आणि विचारायचे, 'ही तयार होताना कोण आधी आले आणि कोण नंतर, हे नुसते तिच्याकडे पाहून सांगता येईल का?' सांगता येत नसेल आणि पद्धत मात्र तो फरक करत असेल, तर दुहेरी मोजणी झालेली आहे. हीच कसोटी गट पाडण्याच्या प्रश्नांतही चालते. ६ जणांचे ३-३ चे दोन संघ पाडायचे असतील आणि संघांना नावे नसतील, तर उत्तर २० नसून १० येते, कारण कोणता संघ आधी निवडला याचा मागमूस शेवटी उरत नाही. संघांना 'अ' आणि 'ब' अशी नावे असतील तर मात्र २० बरोबर आहे.

५. चौथी पायरी : घटना स्वतंत्र आहेत असे गृहीत धरू नका, गुणाकार करून पाहा

'स्वतंत्र' हा शब्द रोजच्या भाषेत इतका वापरात आहे की त्याचा गणिती अर्थ सहज विसरतो. A आणि B स्वतंत्र आहेत याचा अर्थ P(A∩B) = P(A)·P(B), एवढाच आहे. 'यांचा एकमेकांशी संबंध वाटत नाही' हा पुरावा होत नाही.

दोन फासे घ्या. A म्हणजे पहिल्या फाशावर ४. B म्हणजे बेरीज ७. बेरजेत पहिल्या फाशाचा वाटा आहे, म्हणून या घटना अवलंबून असणार असे वाटते. पण P(A) = १/६, P(B) = ६/३६, आणि दोन्ही एकत्र घडणारी निष्पत्ती एकच (४, ३), म्हणजे १/३६. गुणाकार जुळतो, म्हणून घटना स्वतंत्र आहेत. आता B बदलून बेरीज ८ करा. P(B) = ५/३६, गुणाकार ५/२१६ येतो, एकत्र संभाव्यता मात्र १/३६, म्हणजे ६/२१६. स्वतंत्र नाहीत. कारण पाहा : पहिल्या फाशावर काहीही आले तरी ७ करणारा आकडा दुसऱ्या फाशावर नेमका एक असतो, पण पहिल्यावर १ आला तर ८ होऊच शकत नाहीत.

परस्पर अपवर्जक आणि स्वतंत्र यांची गल्लत सर्वात जास्त होते. दोन घटना एकत्र घडूच शकत नसतील तर एक घडल्याचे कळताच दुसरी घडलेली नाही हे नक्की होते, म्हणजे त्या अगदी घट्ट बांधलेल्या आहेत. दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर अपवर्जक घटना कधीही स्वतंत्र नसतात.

तीन घटना असतील तर दोन-दोन तपासून भागत नाही. दोन नाणी उडवा. A : पहिल्यावर छापा. B : दुसऱ्यावर छापा. C : दोन्ही नाण्यांवर सारखेच. प्रत्येकाची संभाव्यता १/२ आणि कोणत्याही दोघांची एकत्र १/४, म्हणून जोडीजोडीने सगळ्या स्वतंत्र आहेत. पण तिन्ही एकत्र १/४ आहे, १/८ नाही. A आणि B कळल्यावर C उघडच कळते. याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे. A आणि B मुळात स्वतंत्र आहेत, पण C घडली असे कळले की एक नाणे पाहून दुसरे सांगता येते. म्हणजे अट घातल्याने स्वातंत्र्य नष्ट होऊ शकते. गेटमध्ये एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्न असतात आणि त्यांत अंशतः गुण मिळत नाहीत. अशी विधाने त्या प्रकाराला नेमकी सोयीची असतात.

६. पाचवी पायरी : अटीमुळे येणारे स्वातंत्र्य आणि उलटी संभाव्यता

वरच्या गोष्टीची दुसरी बाजू मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नाही, फक्त आकडे मांडायचे आहेत. कार्यालयात एक सहकारी ठाण्याहून मध्य रेल्वेने येतो आणि दुसरी बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने. समजा चारांपैकी एक दिवस मुसळधार पावसाचा असतो. तशा दिवशी प्रत्येकाला उशीर होण्याची संभाव्यता ०.८ आणि कोरड्या दिवशी ०.२ आहे. दिवस कसा आहे हे ठरल्यावर दोघांचे उशीर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. हे सर्व आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत.

अशा प्रश्नात दशांश चिन्हांशी झगडण्याऐवजी ४०० दिवस घ्या. १०० पावसाचे, ३०० कोरडे. पावसाच्या १०० दिवसांत ठाणेकराला ८० दिवस उशीर होतो आणि त्या ८० पैकी ६४ दिवस बोरिवलीकरीलाही होतो. कोरड्या ३०० दिवसांत ठाणेकराला ६० दिवस उशीर, त्यांपैकी १२ दिवस दोघांना. ही विभागणी फांद्या फुटणाऱ्या झाडासारखी काढली की सगळी उत्तरे त्या झाडावरून वाचता येतात.

ठाणेकराला उशीर : १४० दिवस, म्हणजे ०.३५. बोरिवलीकरीचेही तेवढेच. दोघांना उशीर : ७६ दिवस, म्हणजे ०.१९. स्वतंत्र असते तर गुणाकार ०.१२२५ आला असता, म्हणून एकूण पाहता दोघांचे उशीर स्वतंत्र नाहीत. ठाणेकर उशिरा आल्याचे कळले तर बोरिवलीकरीला उशीर होण्याची संभाव्यता ७६/१४०, म्हणजे सुमारे ०.५४ होते. एका मार्गाच्या गाडीने दुसऱ्या मार्गाच्या गाडीला थांबवले नाही. दोघांमागे पाऊस हे समान कारण आहे, आणि ते कारण माहीत झाले की हा संबंध उरत नाही. नेव्ह बेज या, गुणधर्मांवरून वर्ग ओळखणाऱ्या पद्धतीचे गृहीतक हेच आहे : वर्ग ठरल्यावर गुणधर्म स्वतंत्र आहेत. वर्ग माहीत नसतानाही ते स्वतंत्र असतात असे ते म्हणत नाही, आणि नेमके हेच चुकीचे विधान पर्यायांत डोकावते.

आता उलटी संभाव्यता. ठाणेकराला उशीर झाला आहे, तर पाऊस असण्याची संभाव्यता किती? १४० पैकी ८० दिवस, म्हणजे ४/७, सुमारे ०.५७. इथे ०.८ लिहिणारे खूप असतात. ०.८ हे पावसाच्या १०० दिवसांवर भागून आलेले आहे, आणि प्रश्न मात्र उशिराच्या १४० दिवसांविषयी आहे. अंश दोन्हीकडे ८०, छेद वेगळा. दोघांनाही उशीर झाला असेल तर ७६ पैकी ६४, म्हणजे सुमारे ०.८४. बेजचे प्रमेय वेगळे पाठ करण्यापेक्षा हे झाड काढण्याची सवय लागली तर परीक्षेतल्या ताणातही आकडे जागच्या जागी राहतात.

झाड काढताना एक चूक टाळा. फांदीवर लिहिलेली संभाव्यता ही आधीच्या फांदीच्या अटीखालची असते. 'दहापैकी दोन दिवस पाऊस पडतो आणि उशीरही होतो' असे प्रश्नात दिले असेल, तर ते फांदीवर नव्हे, फांदीच्या टोकाला लिहायचे.

७. उजळणीचा क्रम आणि परीक्षेतली काही पथ्ये

मी पहिला आठवडा फक्त मोजणीला दिला, पुढचे दोन सशर्त संभाव्यतेला आणि मग स्वतंत्र घटनांकडे वळले. हा क्रम उलटा करू नका, कारण मोजणी कच्ची असेल तर पुढच्या प्रश्नात चूक कल्पनेत आहे की आकड्यांत, हे कळत नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाजवळ वहीत दोन ओळी लिहा : मी कोणता छेद धरला होता आणि कोणता धरायला हवा होता. महिनाभराने ही पाने चाळल्यावर माझ्या बहुतेक चुका दोन-तीन प्रकारांतच बसत असल्याचे दिसले.

गेटमध्ये चुकीच्या उत्तराचे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत कापले जातात, एका गुणाच्या प्रश्नाला एकतृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोनतृतीयांश. संख्या टाइप करायच्या प्रश्नांत कपात नसते, पण तिथे पर्यायही नसतात, त्यामुळे उत्तर पडताळायला बाहेरचा आधार मिळत नाही. अशा प्रश्नात शेवटपर्यंत अपूर्णांक ठेवा आणि दशांश रूपांतर अगदी शेवटी, प्रश्नात सांगितलेल्या स्थळांपर्यंत करा. ७६/१४० ऐवजी मध्येच ०.५ धरून पुढे गेलात तर पद्धत बरोबर असूनही उत्तर स्वीकृत मर्यादेबाहेर जाऊ शकते.

टाइप करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : उत्तर ० आणि १ यांच्या दरम्यान आहे का, मोजणीचे उत्तर एकूण संख्येहून लहान आहे का, आणि 'किमान' च्या प्रश्नात उलट बाजूने वजाबाकी करून तेच उत्तर येते का. तिसऱ्या तपासणीला अर्धे मिनिट लागते. माझे २१० तिथेच अडले असते.